ऑफिसच्या ग्रुपवरचा पाडवा

फोनच्या कीबोर्डवर आज तीन हजारांहून जास्त इमोजी आहेत, पण त्यांत गुढी नाही. ऑटोरिक्षा आहे, साडी आहे, पणती आहे. वेळूची काठी, तिच्यावर खण, कडुलिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि पालथा तांब्या असं चित्र मात्र कुठेच सापडत नाही. म्हणून पाडव्याच्या सकाळी मराठी माणूस हाताशी असलेल्या चित्रांतून आपली गुढी जुळवतो. कोणी झेंडा घेतो, कोणी कलशासारखं काहीतरी शोधतो, कोणी पानं. घरच्या ग्रुपवर हे सगळं खपून जातं, कारण तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. ऑफिसच्या ग्रुपवर तीच चित्रं वेगवेगळ्या डोळ्यांनी वाचली जातात.

मी एका कंपनीत अंतर्गत पत्रव्यवहार पाहतो. परिपत्रकं, सूचना, निरोप समारंभाची भाषणं असं माझं काम. सणाच्या आदल्या दिवशी दोन-तीन जण हमखास मसुदा दाखवायला येतात. शके १९४८ चा पाडवा १९ मार्च २०२६ ला, गुरुवारी आला. बुधवारी संध्याकाळी आमच्या डिस्पॅच विभागाच्या प्रमुख मॅडम फोन पुढे करून म्हणाल्या, "जरा बघता का? उद्या सकाळी टाकायचाय." मसुदा असा होता:

🚩🚩🙏💐 शके १९४८ पराभव नाम संवत्सर 💐🙏🚩🚩
आपणास व आपल्या परिवारास गुडीपाडव्याच्या व हिंदु नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा!!! ⚱️🪔🎆🎆🎆
येणारे वर्ष सुखाचे, समृद्धीचे व भरभराटीचे जावो 🌹🌹🌹

मनापासून लिहिलेला मजकूर होता हा. आणि यातली जवळजवळ प्रत्येक चूक आपण सगळेच करतो, म्हणून तो जरा सावकाश पाहू.

सुरुवात पहिल्या ओळीपासून. साठ संवत्सरांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला एक नाव असतं. शके १९४६ क्रोधी, १९४७ विश्वावसू, आणि १९४८ चं नाव पराभव. मॅडमनी ते पंचांगातून जसंच्या तसं उतरवलं होतं, म्हणजे माहिती अगदी बरोबर होती. पण डिस्पॅचची माणसं गेले दोन महिने मार्च एंडच्या टार्गेटमागे धावत होती. त्यांच्या प्रमुखांकडून आलेल्या शुभेच्छेतला दुसराच मोठा शब्द 'पराभव'! पूजेच्या संकल्पात संवत्सराचं नाव घ्यायलाच हवं, तिथे ते शोभतं. ऑफिसच्या संदेशात नुसतं 'शके १९४८' लिहिलं तरी पुरतं. पाडव्यानंतरचा शक काढायला इसवी सनातून ७८ वजा करायचे, म्हणजे २०२६ मधून ७८ गेले की १९४८. पाडव्याच्या आधीच्या महिन्यांसाठी ७९ वजा करायचे.

मग इमोजी. मोजले तर सोळा निघाले.

🚩 हे चित्र मराठी फोनवर भगवा झेंडा म्हणून वापरलं जातं. त्याचं अधिकृत नाव मात्र 'त्रिकोणी झेंडा', आणि रंग बहुतेक फोनवर लाल. इंग्रजी बोलचालीत लाल झेंडा म्हणजे धोक्याची खूण. 'या माणसापासून सावध' असं सांगायला तरुण मुलं हेच चित्र टाकतात. डिस्पॅचच्या बावीस जणांत चौघे मराठी न वाचणारे होते. त्यांना अक्षरं लागणार नव्हती, चित्रं तेवढी दिसणार होती, आणि साहेबांच्या संदेशात चार लाल झेंडे दिसले की माणूस आधी दचकतो. शिवाय मिरवणुकीतला, मोर्चातला, प्रचारातला झेंडाही हाच. शोभायात्रेच्या फोटोखाली तो जरूर टाकावा. कामाच्या ग्रुपवर मी तो टाळतो.

🙏 आणि 💐 ही जोडी त्याहून नाजूक आहे. सोसायटीच्या किंवा शाळेच्या जुन्या ग्रुपवर ही दोन चित्रं शेजारी शेजारी कधी येतात ते आठवून पाहा. कोणी गेल्याची बातमी येते आणि खाली रांग लागते, 'भावपूर्ण श्रद्धांजली 🙏💐'. एकटे जोडलेले हात म्हणजे नमस्कार, आभार, विनंती. एकटा पुष्पगुच्छ म्हणजे अभिनंदन. दोन्ही एकत्र, विशेषतः गुलाबाबरोबर, आले की फोनच्या सूचनेत ओझरतं वाचणाऱ्याच्या पोटात आधी गोळा येतो. मराठी व्हॉट्सअॅपने या जोडीला हा अर्थ गेल्या काही वर्षांत आपल्या वापरातून दिला आहे. तो कुठल्या यादीत लिहिलेला नाही, पण आपल्याला तो माहीत असायला हवा.

⚱️ पाहून मात्र मी मॅडमना थांबवलं. त्यांनी तांब्या शोधला, तांब्यासारखं दिसलं ते घेतलं. या चिन्हाचं अधिकृत नाव आहे अंत्यसंस्काराचा कलश, आपल्या भाषेत सरळ अस्थिकलश. गुढीवरच्या तांब्याच्या जागी ते दरवर्षी शेकडो संदेशांत जात असणार, कारण छोट्या पडद्यावर फरक कळत नाही. ज्याला तांब्याच हवा त्याने 🏺 घ्यावा. तो जुना ग्रीक रांजण आहे, निदान त्याचा मरणाशी संबंध नाही.

🪔 आणि 🎆 या दोघांनी मिळून पाडव्याची दिवाळी केली होती. आपल्याकडे पाडवे दोन, एक चैत्रातला आणि एक कार्तिकातला. पणती आणि आतषबाजी पाहिली की वाचणारा आपोआप दुसऱ्या पाडव्याकडे जातो. पणतीचा इमोजी २०१९ मध्ये आला, साडी आणि ऑटोरिक्षाबरोबरच. त्यामुळे एखाद्या जुन्या फोनवर किंवा ऑफिसच्या जुन्या संगणकावर तो दिसतच नाही, त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो.

मग गुढीसाठी घ्यायचं काय? इथे इमोजीचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. १९९९ मध्ये जपानमधल्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ छोट्या चित्रांचा संच केला. प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांचं. जपानी कंपन्यांच्या अशा संचांमधली शेकडो चित्रं २०१० मध्ये युनिकोडने जगासाठी स्वीकारली, तेव्हा त्यांच्याबरोबर जपानी सणवारही आपल्या फोनमध्ये आले. त्यांतलं 🎋 नीट पाहा. बांबूची हिरवी फांदी आणि तिला लटकवलेले रंगीत कागद. हे जपानच्या तानाबाता सणाचं चित्र. त्या दिवशी लोक मनातली इच्छा कागदाच्या पट्टीवर लिहून बांबूला बांधतात. शेजारचं 🎍 तर जपानी नववर्षात दाराशी ठेवायची बांबू आणि पाइनची सजावट आहे.

वेळूची काठी, तिला बांधलेली शुभ वस्तू, मनातली इच्छा. मला 🎋 हे गुढीच्या सगळ्यांत जवळचं वाटतं, रूपानेही आणि भावनेनेही. जपानी ग्राहकांबरोबर काम करणाऱ्या पुण्यातल्या टीमने मात्र तिथे 🎍 वापरावं, कारण मार्चमध्ये तानाबाता पाहून समोरचा गोंधळेल, नववर्षाची सजावट त्याला लगेच कळेल. कडुलिंबासाठी 🌿 चालतं. आंब्याच्या पानांचं तोरण मनात असेल तर 🥭 गोड दिसतो आणि कोणालाही खटकत नाही.

मॅडमना मी तीनच इमोजी ठेवायला सांगितलं, प्रत्येक वेगळा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी. यामागे एक कारण आहे, जे आमच्या ऑफिसात मला उशिरा कळलं. आमच्या हेल्पडेस्कवर एक अंध सहकारी आहे. त्याचा फोन संदेश मोठ्याने वाचतो, आणि इमोजी आला की त्याचं नाव उच्चारतो. मॅडमचा मूळ मसुदा त्याने ऐकला असता तर पहिला मराठी शब्द यायच्या आधी त्याला झेंडा, झेंडा, जोडलेले हात, पुष्पगुच्छ अशी यादी ऐकावी लागली असती. वाक्याच्या मधे घुसवलेला इमोजी तर वाक्यच तोडतो. ओळ संपल्यावर एक चित्र आलं तर ते कानालाही विरामासारखं लागतं.

याच कारणासाठी शब्दाच्या जागी इमोजी टाकू नये. 'तुम्हाला 🎋च्या शुभेच्छा' हे लिहिणाऱ्याला गंमतीचं वाटतं, वाचणाऱ्याला कोडं पडतं. माझी कसोटी साधी आहे: सगळे इमोजी पुसून टाका आणि संदेश वाचा. तो पूर्ण वाटला पाहिजे, उबदारही वाटला पाहिजे. पुसल्यावर कोरडा झाला तर ऊब चित्रांची होती, तुमची नव्हती.

मॅडमचा मसुदा पुसून पाहिला, तर तो कोरडा झाला. 'सुखाचे, समृद्धीचे व भरभराटीचे' ही ओळ कोणीही कोणालाही पाठवू शकतो. ती बँकेकडून येते, मोबाइल कंपनीकडून येते, चौकातल्या फलकावरून येते. सहकाऱ्याला तुमच्याकडून जे हवं असतं ते बँक देऊ शकत नाही, आणि ते म्हणजे वर्षभरात तुम्ही बरोबर केलेल्या कामाची आठवण. मी मॅडमना विचारलं, "गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत तुमच्या टीमचं काय आठवतं?" त्या लगेच म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये गोदामात पाणी शिरलं ती रात्र. पोरं घरी गेली नाहीत. एक खोका भिजू दिला नाही." मग जरा थांबून, "हे लिहायचं का?"

हेच लिहायचं होतं.

पुढचं वाक्य इच्छेचं. त्यांनी लिहिलं, 'नव्या वर्षात सगळे रात्री आठच्या आत घरी पोचू.' हे त्यांच्या हातात आहे का, असं विचारल्यावर त्यांनी स्वतःच ते खोडलं. प्रमुखाच्या शुभेच्छेतली इच्छा टीमला आश्वासनासारखी ऐकू येते, आणि पुढच्या महिन्यात ते मोडलं की पाडव्याचा संदेशही खोटा ठरतो. दुसऱ्या शनिवारची सुट्टी त्यांच्या अखत्यारीत होती, म्हणून तेवढंच राहिलं.

शेवटी त्यांनी 'श्रीखंड खा, मजा करा' असं लिहिलं होतं. टीममध्ये तिघे मुस्लिम सहकारी आहेत आणि १९ मार्चला रमजानचे रोजे चालू होते. श्रीखंड गेलं. ईदच्या दिवशी ईदचा वेगळा संदेश पाठवायचा हेही तेव्हाच ठरलं, कारण एका सणाच्या शेपटाला दुसरा बांधला की दोन्ही उरकल्यासारखे वाटतात. उगादीची गोष्ट वेगळी. ती पाडव्याच्याच दिवशी, त्याच तिथीला येते. टीममधल्या दोघा तेलुगू सहकाऱ्यांचंही नववर्ष तेच, म्हणून ती त्याच ओळीत बसली. 'हिंदू नववर्ष' च्या जागी 'मराठी नववर्ष' घेतलं. ऑफिसात शेजारी बसणारा ख्रिस्ती किंवा मुसलमान माणूसही मराठी बोलतो, मराठीत भांडतो, मराठीत डबा उघडतो, आणि हे वर्ष त्याचंही आहे.

भाषेतल्या दोन गोष्टी झटपट दुरुस्त झाल्या. 'गुडी' नाही, 'गुढी'. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर डीनंतर एच द्यायला विसरलं की हा घोळ होतो. आणि 'शुभेच्छा' मध्ये च्छ असतो, तो बरेचदा 'शुभेच्या' होऊन जातो. मॅडमचा तो बरोबर होता. संबोधनासाठी 'आपणास' ऐवजी त्यांना 'मंडळी' सुचलं. मला हा शब्द फार आवडतो. त्यात मानही आहे आणि घरपणही, आणि प्रमुख आणि शिपाई दोघेही त्यात सारखे मावतात.

गुरुवारी सकाळी साडेनऊला गेलेला संदेश असा होता:

नमस्कार मंडळी,
गुढीपाडव्याच्या आणि मराठी नववर्षाच्या मनापासून शुभेच्छा. उगादी साजरी करणाऱ्या आपल्या दोन्ही सहकाऱ्यांनाही! 🎋
ऑगस्टमध्ये गोदामात पाणी शिरलं, त्या रात्री तुम्ही सगळे थांबलात आणि एकही खोका भिजू दिला नाहीत. ते माझ्या लक्षात आहे. नव्या वर्षात दुसरा शनिवार सुट्टीचाच राहील, हे मी पाहीन. 🌿
आज घरच्यांबरोबर राहा. मार्च एंडचं उद्या बोलू. 🙏

यात व्यावसायिकपणा कुठे आहे, असं कोणी विचारेल. तो शेवटच्या ओळीत आहे, आणि त्या दिवशी नंतर जे घडलं नाही त्यात आहे. शुभेच्छेच्या खाली दहा मिनिटांत 'काल रात्रीचा रिपोर्ट अजून आलेला नाही' असं पडलं की आधीची सगळी ऊब विझते. मॅडमनी त्या दिवशी ग्रुपवर दुसरं काहीच टाकलं नाही. वेळही त्यांनी विचार करून निवडली. पहाटे साडेपाचला आलेला संदेश भक्तिभावाचा असेल, पण फोनची घंटा वाजते आणि रात्रपाळी करून झोपलेला माणूस जागा होतो. दुपारी पाठवला तर तोवर शंभर फॉरवर्डांखाली तो दबलेला असतो.

फॉरवर्डचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. सुंदर गुढीचं तयार चित्र पुढे ढकलण्याआधी त्याचा खालचा कोपरा पाहा. तिथे बारीक अक्षरांत 'शुभेच्छुक' आणि कुठल्या तरी उमेदवाराचा हसरा चेहरा असतो. ते चित्र ऑफिसच्या ग्रुपवर गेलं की तुमच्या नकळत तुम्ही कोणाचा तरी प्रचार केलेला असतो. आणि 'फॉरवर्ड केलेला' ही खूण तर वाचणाऱ्याला सांगतेच की हे शब्द तुमचे नाहीत.

मॅडमनी ग्रुपवरच्या संदेशाआधी एक काम केलं, आणि मला वाटतं, ते सगळ्यांत मोलाचं होतं. त्यांच्या टीममधल्या एकाचे वडील दिवाळीनंतर गेले होते. अशा घरात वर्षभर सण नसतो. गुढी उभारत नाहीत, गोडधोड करत नाहीत. त्याला त्यांनी आदल्या रात्री वेगळं लिहिलं: 'उद्या ग्रुपवर पाडव्याचा संदेश टाकते आहे. यंदा तुमच्याकडे सण नाही हे ठाऊक आहे. आईंना नमस्कार सांगा. सोमवारी भेटू.' त्यात एकही इमोजी नव्हता. सांत्वनाच्या जवळ जाणाऱ्या मजकुरात चित्र नसावं, जोडलेले हातसुद्धा नसावेत, असं माझं मत आहे. तिथे फक्त शब्द हवेत, आणि तेही थोडे.

वरिष्ठांना लिहिताना माणसं दुसऱ्या टोकाला जातात. 'आदरणीय साहेब' पासून सुरू होऊन चार ओळींची चारोळी आणि दहा 🙏. सर किंवा मॅडम, एक ओळ शुभेच्छेची, एक ओळ आभाराची आणि शेवटी एक 🙏 पुरतो. 'तुमच्यामुळे हे वर्ष सोपं गेलं' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'जानेवारीत तुम्ही सुट्टी मंजूर केलीत, म्हणून आईचं ऑपरेशन नीट पार पडलं' असं लिहिलं तर साहेबही ते जपून ठेवतात. ❤️, 😘, 🥰 ही चित्रं वर किंवा खाली, कोणत्याच दिशेला नकोत. देणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी घेणाऱ्याला, विशेषतः तरुण सहकारी मुलीला, अवघडल्यासारखं होऊ शकतं, आणि तिला ते बोलूनही दाखवता येत नाही.

उत्तराचं एक. बावीस जणांच्या ग्रुपवर प्रत्येकाने 'तुम्हालाही' लिहिलं तर एकवीस वेळा फोन वाजतो. मूळ संदेशावर बोट दाबून 🙏 ठेवला की काम होतं. 👍 मात्र ठेवू नये. 'काम समजलं' असं सांगायला तो ठीक आहे, पण शुभेच्छेला दिला तर पावती फाडल्यासारखा वाटतो. खरंच काही सांगायचं असेल तर ग्रुप सोडून त्या माणसाला स्वतंत्र लिहावं. मॅडमना त्या दिवशी अशी चार उत्तरं आली. एका ड्रायव्हरने फक्त त्याच्या घरच्या गुढीचा फोटो पाठवला होता, चाळीच्या गॅलरीतली, हिरव्या खणाची.

एक राहिलं. आमच्या गेटवरच्या वॉचमन काकांकडे साधा बटणांचा फोन आहे आणि ते कुठल्याच ग्रुपवर नाहीत. साफसफाईच्या मावशींकडे स्मार्टफोन आहे, पण त्या वाचत नाहीत. तुमच्याही ऑफिसात अशी दोन-तीन माणसं असतील. पाडव्याला सुट्टी असते, म्हणून आदल्या दिवशी घरी निघताना त्यांच्याजवळ मिनिटभर थांबा आणि तोंडाने सांगा.